आमचेच पैसे, आणि वर आमचीच नम्र विनंती

सरकारी कचेरीत एक शब्द फार जपून वापरला जातो. तो म्हणजे 'परतावा'. ऐकलं की वाटतं, सरकार कुणाला काहीतरी देतंय, उपकार करतंय. पण कंत्राटदाराच्या सुरक्षा ठेवीच्या बाबतीत हा शब्द जितका फसवा आहे तितका दुसरीकडे कुठे नसेल. काम त्याने केलं, बिल मंजूर झालं, आणि त्याच बिलातून 'काम टिकतं का बघू' म्हणून शेकड्यामागे काही रुपये कापून ठेवले. ते पैसे त्याचेच. फक्त त्यांच्या खिशात जाण्याऐवजी खात्याच्या वहीत जाऊन बसले. मुदत संपली की ते आपोआप परत यायला हवेत. पण येत नाहीत. त्यासाठी पत्र लिहावं लागतं, आणि पत्रातही पहिली ओळ काय? "महोदय, आपणास नम्र विनंती की..."

माझं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं. विनंतीपत्र आणि मागणीपत्र यांतला फरक मी आठवीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. विनंती ज्यावर आपला हक्क नाही त्याची करायची, मागणी ज्यावर हक्क आहे त्याची. शाळेतली मुलं हे ऐकत. सरकारी खात्यांनी मात्र सगळ्या महाराष्ट्राला असं शिकवून ठेवलंय की हक्काच्या पैशासाठीही हात जोडूनच उभं राहायचं. या सवयीविरुद्ध आज लिहायचं आहे.

माझा एक जुना विद्यार्थी छोटी सरकारी कामं घेतो. छोटी म्हणजे खरोखर छोटी. आमच्या गंगापूर रोडवर ज्यांच्या नावाचे मोठाले फलक लागतात त्या बिल्डरांपैकी तो नव्हे. खोल्यांची दुरुस्ती, कुंपणभिंत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग असली कामं. जिल्ह्यातल्या एका तालुक्यात त्याने एका सरकारी वसतिगृहाचं काम केलं. खात्याचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. तर परवा तो 'स्मरणपत्र क्रमांक 4' घेऊन आला. म्हणाला, "सर, जरा भाषा बघून द्या. तुमच्या हातून गेलं तर साहेबांवर छाप पडेल."

मी वाचलं. चार परिच्छेदांत 'विनंती' सहा वेळा, 'कृपया' पाच वेळा, 'आपला आज्ञाधारक' एकदा. आर्थिक अडचण होती, मुलीचं शिक्षण होतं, आईचं आजारपण होतं. नव्हतं ते एवढंच: किती रुपये, कोणत्या बिलातले, कोणत्या तारखेला देय झालेले.

"अरे, रक्कम किती?"

"सव्वा लाखाच्या आसपास असेल, सर."

ही 'आसपास'च खात्याला हवी असते. मी त्याला म्हटलं, पिशवीतले सगळे कागद टेबलावर काढ. दोन तास गेले, पण चित्र स्वच्छ झालं. काम 24 लाख 60 हजारांचं. तीन बिलांत पैसे मिळाले. पहिलं चालू बिल 8 लाख 20 हजारांचं, त्यातून पाच टक्क्यांनी 41 हजार कापले. दुसरं 9 लाख 40 हजारांचं, त्यातून 47 हजार. अंतिम बिल 7 लाखांचं, त्यातून 35 हजार. एकूण 1 लाख 23 हजार. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तारीख 12 फेब्रुवारी 2022. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काही बिघडलं तर स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, करारात दोन वर्षं. ती 11 फेब्रुवारी 2024 ला संपली. मधल्या पावसाळ्यात एका खोलीच्या कोपऱ्यात ओल आली होती. ती त्याने दुरुस्त करून दिली आणि शाखा अभियंत्याने तसं लिहूनही दिलं होतं. तो कागद पिशवीत सगळ्यात खाली, घडीवर घडी पडलेला सापडला.

गंमत पाहा. कपात करताना खात्याला किती बरोबर हिशेब येतो! 8 लाख 20 हजारांचे पाच टक्के काढायला त्यांना कोणाचं पत्र लागलं नाही. मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिलावर कपात, ठेवींच्या नोंदवहीत जमा, सगळं वेळच्या वेळी. पैसे परत द्यायची वेळ आली की मात्र खात्याची स्मरणशक्ती जाते आणि ती जागी करायला 'स्मरणपत्र' लागतं. शब्द तर पाहा! विसरणारे ते, आणि स्मरण ठेवायची नोकरी याची.

तीन पत्रांना त्याला काय उत्तर मिळालं? लेखी काहीच नाही. तोंडी तीन. पहिल्यांदा सांगितलं, साहेबांची बदली झाली, नवीन साहेब साइट बघतील मग पाहू. दुसऱ्यांदा, मोजमाप पुस्तिका उपविभागात आहे की विभागात ते शोधावं लागेल. तिसऱ्यांदा, "सध्या अनुदान नाही हो."

या तिसऱ्या उत्तरापाशी थोडं थांबू, कारण यावर गप्प बसणारे कंत्राटदार मी बरेच ऐकलेत. सध्या राज्यात कंत्राटदारांची बिलं थकली आहेत हे खरं आहे. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला; जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे अडकले होते असं घरच्यांनी सांगितलं, तर सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच्या नावावर आमच्या दफ्तरी कामच नाही, तो पोटकंत्राटदार असावा. त्या बातमीनंतर 'अनुदान नाही' हे वाक्य ऐकलं की माणूस मान खाली घालतो. पण बिल आणि ठेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल द्यायला अनुदान लागतं, कबूल. ठेवीचं तसं नाही. ज्या दिवशी बिल मंजूर झालं त्या दिवशी पूर्ण 8 लाख 20 हजारांचा खर्च त्या कामाच्या अनुदानावर पडला. त्यातले 41 हजार कंत्राटदाराला न देता ठेवींच्या शीर्षाखाली जमा केले. सरकारी हिशेबात 8443 या शीर्षाखाली नागरी ठेवी येतात आणि त्यात सार्वजनिक बांधकामाच्या ठेवींचा स्वतंत्र रकाना आहे. तो खर्चाचा रकाना नव्हे, देण्याचा आहे. म्हणजे अनुदान एकदा खर्ची पडून गेलं. आता उरलं ते सरकारच्या डोक्यावरचं देणं. ते चुकवायला पैसे काढण्याची जी काही आतली प्रक्रिया असेल ती विभागाने पार पाडायची. वसतिगृहाला यंदा अनुदान आलं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. किराणा दुकानदाराकडे तुम्ही बरणीचं डिपॉझिट ठेवलं आणि बरणी परत नेली तर तो "यंदा धंदा मंदा आहे" म्हणू शकतो का?

आता या सगळ्यातली खरी मेख सांगतो. ती समजल्यावर त्या नम्र पत्रांचा मला राग येऊ लागला.

सरकारी लेख्यांच्या नियमांत अशी तरतूद आहे की तीन पूर्ण आर्थिक वर्षांहून अधिक काळ मागणी न झालेली ठेव मार्चअखेर 'व्यपगत' धरून सरकारजमा करायची. नंतरही ती मिळू शकते, पण मग प्रकरण विभागाच्या हातात राहत नाही, महालेखापालांच्या मंजुरीपर्यंत जातं. सव्वा लाखासाठी छोटा माणूस तिथवर पोचेपर्यंत थकतो आणि नाद सोडतो. म्हणजे सरकार म्हणतं, तू मागितलं नाहीस तर आमचं. बरं, मागायची तारीख आली हे त्याला कोण कळवतं? कोणीच नाही. विजेच्या बिलाची मुदत संपायच्या आधी मोबाईलवर संदेश येतो, ठेवीची मुदत संपल्यावर मात्र शांतता.

हे झालं एक घड्याळ. दुसरं त्याहून घातक. ते कोर्टाचं. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे असल्या पैशाचा दावा साधारणपणे तो देय झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याची समजूत अशी, की आपण पत्रं पाठवतोय म्हणजे मुदत पुढे सरकतेय. ही समजूत सगळ्या नाशकात, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रात आहे. ती चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये बीएसएनएल विरुद्ध नॉर्टेल या प्रकरणात हे स्पष्ट केलं. तिथे रक्कम ठेवीची नव्हती, दंड म्हणून कापलेली होती, आणि थोडीथोडकी नव्हे, 99 कोटींच्या वर. बीएसएनएलने ऑगस्ट 2014 मध्ये मागणी फेटाळली. कंपनीने लवाद मागितला तो एप्रिल 2020 मध्ये, म्हणजे साडेपाच वर्षांनी. न्यायालयाने सांगितलं, मुदत कधीच संपली. नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही. वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीची ही गत, तर तालुक्यात भिंती बांधणाऱ्या माणसाचं काय?

मग पत्राचा उपयोग काय? आहे, पण तुम्ही लिहिलेल्या पत्राचा कमी आणि तुम्हाला आलेल्या पत्राचा जास्त. त्याच मुदत कायद्याचं कलम 18 असं आहे की मुदत संपायच्या आत समोरच्याने देणं लागतो हे लेखी, सहीनिशी मान्य केलं, तर त्या सहीच्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजायची. आणि त्यातली मौज अशी, की 'द्यायची वेळ अजून आलेली नाही' किंवा 'सध्या देत नाही' असं त्यात म्हटलेलं असलं तरी चालतं. देणं असल्याचं कबूल असलं म्हणजे झालं. म्हणजे "आपली 1,23,000 रुपये ठेव या विभागात शिल्लक आहे, तथापि तूर्त परतावा करता येत नाही" असं कोरडं, नकारार्थी पत्रसुद्धा कंत्राटदाराच्या दृष्टीने सोन्याचं असतं. आणि म्हणूनच, मंडळी, तोंडी तीन उत्तरं मिळतात आणि लेखी एकही मिळत नाही. यात कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. टेबलावरच्या कारकुनाला कलम 18 बहुधा ठाऊकही नसेल. पण 'लिहून काही द्यायचं नाही' ही कचेरीची जी पिढीजात सवय आहे तिचा फायदा बरोब्बर खात्यालाच होतो, आणि फायदा होणारी सवय कोणी मोडत नाही.

तेव्हा मी त्याचं स्मरणपत्र बाजूला ठेवलं. आई, मुलगी, आर्थिक अडचण, सगळं काढून टाकलं. (आईची चौकशी मी वेगळी केली, ती आता बरी आहे.) नवीन पत्र एका पानाचं केलं. त्याचा गाभा इथे देतो. क्रमांक आणि तारखा ज्याने त्याने आपल्या घालाव्यात.

"विषय: करारनामा क्र. ... अन्वये पूर्ण केलेल्या कामाच्या सुरक्षा ठेवीची रु. 1,23,000/- ची मागणी.

उपरोक्त काम दि. 12/02/2022 रोजी पूर्ण झाले असून कार्यपूर्ती दाखल्याची प्रत सोबत आहे. दोषदायित्व कालावधी दि. 11/02/2024 रोजी संपला. त्या कालावधीत निदर्शनास आणलेला दोष दुरुस्त केल्याचा शाखा अभियंता यांचा अहवाल सोबत आहे. माझ्या देयकांतून पुढीलप्रमाणे ठेव कपात झाली: पहिले चालू देयक रु. 41,000/-, दुसरे चालू देयक रु. 47,000/-, अंतिम देयक रु. 35,000/-. प्रमाणकांचे क्रमांक व दिनांक सोबतच्या तक्त्यात आहेत.

सदर रक्कम देय झालेली असल्याने ती खालील बँक खात्यात जमा करावी. वरील रक्कम आपल्या ठेव नोंदवहीत माझ्या नावे शिल्लक असल्याचे, अथवा नसल्यास त्याचे कारण, 30 दिवसांत लेखी कळवावे. या पत्राच्या दिनांकापासून सदर रकमेवर व्याजाची मागणी करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

एवढंच. शेवटी 'आपला आज्ञाधारक' नाही; 'आपला', आणि सही.

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. तक्ता दिला की लेखापालाला नोंदवही धुंडाळायचं निमित्त उरत नाही, प्रमाणकाच्या क्रमांकावरून नोंद थेट निघते. दुरुस्तीचा अहवाल जोडला की 'साइट बघून मग' हे उत्तर लंगडं पडतं, कारण बघायची होती ती मुदत संपायच्या आत. शिल्लक कळवा हे वाक्य कलम 18 साठी. व्याजाचं वाक्य 1978 च्या व्याज कायद्यासाठी, कारण लेखी मागणीत व्याज मागू असं म्हटलं तर त्या तारखेपासून ते मागायला आधार मिळतो. करारातच 'ठेवीवर व्याज नाही' असं कलम असेल तर त्याचा उपयोग होणार नाही, आणि सरकारी करारांत ते बहुधा असतं, पण लिहायला काही खर्च येत नाही. सही मात्र करारावर ज्याचं नाव आहे त्याचीच हवी. भावाने, भागीदाराने, पोटकंत्राटदाराने लिहिलेलं पत्र कचेरीच्या दृष्टीने कोऱ्या कागदासारखं असतं.

पत्र हातोहात द्यायचं, आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्यायचा. तो शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवायचं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. आपल्या राज्यात अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि इथे दीडशे लागतही नाहीत: 'अमुक करारनाम्याच्या ठेवीची नोंदवहीतील नोंद आणि माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणी, यांच्या प्रती द्याव्यात.' टिपणीची प्रत मागितली की पत्र कोणत्या टेबलावर किती दिवस झोपलंय ते उघड होतं.

आणि तरीही नाही, तर वकील. सरकारवर दावा करायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि काही करारांत आधी अधीक्षक अभियंत्याकडे दाद मागायची अट असते, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ठेवायचं नसतं. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तीन वर्षं फेब्रुवारी 2027 मध्ये भरतात. त्याने ती तारीख आता गाडीच्या चावीला चिठ्ठी करून बांधली आहे.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही कंत्राटदारांची बाजू घेताय, त्यांची कामं पाहिलीत का? पाहिलीत. पहिल्या पावसात वाहून जाणारे रस्ते मीही रोज तुडवतो. उलट, ठेव कापावीच या मताचा मी आहे. दोन पावसाळे काम पाहावं, गळलं तर त्याच पैशातून दुरुस्त करून घ्यावं, आणि उरलेलं द्यावं. पण तेवढ्यासाठीच ती ठेव असते. खोलीला ओल नाही, भिंतीला तडा नाही, दोष नसल्याचा कागद आहे, आणि तरी पैसे अडवले, तर ती ठेव राहत नाही. आणि याचा परिणाम चांगल्या कंत्राटदारावरच जास्त होतो. वाईट कंत्राटदार ठेव परत येणारच नाही असं धरून निविदेचा दर लावतो आणि सिमेंटमध्ये ती वसूल करतो. मग दोन वर्षं काम टिकवायची त्याला गरजच काय? जी ठेव कामाचा दर्जा सांभाळण्यासाठी होती, ती परत न देण्याच्या सवयीने दर्जाच खाल्ला.

हे कुठेच जमत नाही असंही नाही. न्यूझीलंडमध्ये 31 मार्च 2017 पासून कायदाच आहे की बांधकामातली अशी राखून ठेवलेली रक्कम ठेवणाऱ्याची नव्हे, ती विश्वस्त म्हणून सांभाळायची. 2023 मध्ये तो आणखी कडक केला आणि ते पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायला लावले. आपल्याकडे एवढं मोठं काही करायची गरज नाही. ठेवींच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदीसमोर एक तारीख घालायची: मुदत संपण्याची. महिनाभर आधी शाखा अभियंत्याने जाऊन पाहणी करायची, दोष असेल तर लेखी कळवायचा, नसेल तर त्या तारखेला परताव्याचं प्रमाणक तयार करायचं. कंत्राटदाराच्या पत्राची वाट पाहायची नाही. ज्या संगणकावर बिलं होतात त्याच संगणकाला तारीख आठवण ठेवायला सांगता येईल.

2027 च्या सिंहस्थासाठी सध्या नाशिकभर कामं निघाली आहेत. रस्ते, घाट, पूल, गटारी. त्या प्रत्येक बिलातून ठेव कापली जातेय आणि नोंदवहीत जमा होतेय. साधू परत जातील, मंडप उतरतील, आणि दोन-तीन वर्षांनी त्या ठेवींच्या मुदती एकामागून एक संपू लागतील. तोवर या शहरातल्या निम्म्या अभियंत्यांच्या बदल्या झालेल्या असतील. ज्यांनी त्या कामांत छोटे छोटे तुकडे घेतलेत त्यांनी प्रत्येक बिलाच्या कपातीचा तक्ता आजच, बिल हातात असताना, करून ठेवावा.

माझ्या विद्यार्थ्याच्या पत्राला एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळींचं. "आपली रु. 1,23,000/- इतकी सुरक्षा ठेव या विभागात जमा असून निधी उपलब्धतेनुसार परताव्याची कार्यवाही करण्यात येईल." खाली सही आणि गोल शिक्का. तो हिरमुसून फोनवर म्हणाला, "सर, पुन्हा तेच, निधी." मी म्हटलं, त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढ आणि मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेव.